फिलेटमध्ये १००० मेगापास्कल दिसतात, यील्ड ३८२ आहे: मग आयुष्य किती?

प्रश्न: टिपरची बॉडी उचलणाऱ्या लिव्हरचं लिनिअर एफईए केलं. फोर्जिंग, हॉट रोल्ड नॉर्मलाइज्ड १०४५ स्टील. पूर्ण लोडला फिलेटमध्ये १००० मेगापास्कल येतात आणि रिकामं झाल्यावर शून्य. यील्ड फक्त ३८२ आहे, म्हणून एस-एन कर्व्ह वापरता येत नाही असं सिनिअर म्हणाले, स्ट्रेन-लाइफ करायला सांगितलं. समीकरणात इलॅस्टिक आणि प्लॅस्टिक स्ट्रेन वेगळे लागतात, ते लिनिअर एफईएमधून कसे काढायचे? २N म्हणजे सायकल की अजून काही? रोज १५ खेपा, वर्षाला ३०० दिवस, ५ वर्षं टिकायला हवं.

उत्तर:

तुमची गरज २२,५०० सायकलची आहे. तेवढ्यात हा फिलेट टिकेल की नाही हे समीकरणापेक्षा त्याआधीच्या पायरीवर ठरतं, म्हणून आधी तिथूनच जाऊ.

१००० मेगापास्कल हा आकडा खरा नाही, पण निरुपयोगीही नाही. ३८२ च्या पुढे हे स्टील सरळ रेषेत वागत नाही, त्यामुळे फिलेटच्या मुळाशी एवढा स्ट्रेस कधीच येत नाही. मात्र यील्ड झालेला भाग लहानसा असतो, एखाद-दोन मिलिमीटर खोलीचा, आणि त्याच्या भोवतीचं सगळं धातू अजून इलॅस्टिक असतं. लोड वाढला की हे भोवतालचं धातू त्या छोट्या भागाला ठरावीक प्रमाणात ताणतं आणि लोड उतरला की जबरदस्तीने मागे दाबतं. म्हणजे भाग चालतो लोडवर, पण फिलेटचं मूळ चालतं स्ट्रेनवर. लो सायकल फटीगमध्ये स्ट्रेसऐवजी स्ट्रेन धरायचं कारण हेच. १९५० च्या दशकात अमेरिकेत कॉफिन आणि मॅन्सन या दोघांनी स्वतंत्रपणे प्लॅस्टिक स्ट्रेन आणि आयुष्य यांचं नातं मांडलं. दोघांपुढे तापमानाच्या चढउताराने येणाऱ्या फटीगचा प्रश्न होता, आणि तिथेही धातूवर लादला जातो तो स्ट्रेनच.

आता समीकरण:

```
εa = (σf'/E)·(2N)^b + εf'·(2N)^c
```

डावीकडे स्ट्रेन अँप्लिट्यूड आहे, म्हणजे पूर्ण रेंजच्या निम्मा. उजवीकडचं पहिलं पद इलॅस्टिक भाग. ते बास्क्विनने १९१० मध्ये स्ट्रेससाठी दिलेलं नातं आहे, फक्त E ने भागलेलं. दुसरं पद प्लॅस्टिक भाग, कॉफिन-मॅन्सनचं. लॉग-लॉग कागदावर दोन्ही सरळ रेषा येतात. प्लॅस्टिकची रेषा जास्त उतरती असते, त्यामुळे कमी आयुष्यात तिचं राज्य आणि जास्त आयुष्यात इलॅस्टिकचं.

2N म्हणजे रिव्हर्सल. लोड वर जातो तो एक रिव्हर्सल, खाली येतो तो दुसरा, म्हणून एका सायकलचे दोन. सायकल सोडून रिव्हर्सल मोजण्यामागे एक सोय आहे. 2N = 1 ठेवलं की दोन्ही घातांक निघून जातात आणि उरतात σf' आणि εf'. एकाच दमात ओढून तोडणं, म्हणजे साधी टेन्साइल टेस्ट, हा एकच रिव्हर्सल. म्हणून हे दोन स्थिरांक तुटतानाच्या खऱ्या स्ट्रेस-स्ट्रेनच्या जवळपास येतात. ही फक्त आकड्यांची जवळीक आहे, नियम नव्हे. टेन्साइल रिपोर्टवरून त्या जागी आकडे भरू नका.

१०४५ हॉट रोल्ड नॉर्मलाइज्डसाठी पाठ्यपुस्तकांत नेहमी दिसणारे आकडे मी घेतो: E = २,०२,००० मेगापास्कल, σf' = ९४८, b = −०.०९२, εf' = ०.२६०, c = −०.४४५. सायक्लिक स्ट्रेस-स्ट्रेन कर्व्हसाठी K' = १२५८ आणि n' = ०.२०८. तुमचा लिव्हर क्वेंच-टेंपर केलेला असेल तर हे आकडे लागू नाहीत. ग्रेड तोच राहून हीट ट्रीटमेंट बदलली तरी सगळा संच बदलतो.

आता तुमच्या मुख्य अडचणीकडे. लिनिअर एफईएच्या आकड्यावरून खरा स्ट्रेस आणि खरा स्ट्रेन काढायला न्यूबरचा नियम वापरतात. १९६१ चा हा नियम सांगतो की खऱ्या स्ट्रेसचा आणि खऱ्या स्ट्रेनचा गुणाकार लिनिअर स्ट्रेस आणि लिनिअर स्ट्रेनच्या गुणाकाराइतका असतो. म्हणजे σ·ε = S²/E, इथे S तुमचे १०००. ही एक अट, आणि सायक्लिक कर्व्ह ही दुसरी अट:

```
ε = σ/E + (σ/K')^(1/n')
```

दोन अटी, दोन अज्ञात. हे दोन वेळा सोडवायचं असतं, आणि बहुतेक जण इथेच चुकतात. पहिल्यांदा शून्यापासून पूर्ण लोडपर्यंत S = १००० घेऊन. लोड चढता-उतरताना स्ट्रेस-स्ट्रेनच्या आलेखावर जो बंद लूप तयार होतो, त्याचं वरचं टोक यातून मिळतं: σ सुमारे ४६५, ε सुमारे ०.०१०६. दुसऱ्यांदा उतरत्या फांदीसाठी. उतरताना धातू सायक्लिक कर्व्हच्या दुप्पट आकाराच्या वाटेने जातो, याला मासिंगचं वर्तन म्हणतात. दुप्पट आकार आणि दुप्पट रेंज असल्याने हिशोब अँप्लिट्यूडमध्ये केला तर तोच कर्व्ह आणि तेच समीकरण चालतं, फक्त S च्या जागी ५०० टाकायचे. उत्तर येतं स्ट्रेस अँप्लिट्यूड ३४२ आणि स्ट्रेन अँप्लिट्यूड ०.००३६. त्यातला इलॅस्टिक भाग ३४२/२,०२,००० = ०.००१७ आणि उरलेला ०.००१९ प्लॅस्टिक. तुम्ही विचारलेले दोन वेगळे स्ट्रेन हे.

हा ०.००३६ समीकरणात टाकला की 2N येतो सुमारे ६२,०००, म्हणजे ३१,००० सायकल.

इथे थांबून एक तपासणी करा, मिनिटभराचं काम आहे. 2N = ६२,००० ठेवून समीकरणाची दोन्ही पदं वेगवेगळी काढा. इलॅस्टिक ०.००१७० आणि प्लॅस्टिक ०.००१९२ येतात. लूपमधूनही जवळजवळ हेच आले होते. दोन्हीकडची वाटणी जुळली याचा अर्थ K', n' आणि चार फटीग स्थिरांक एकाच संचातले आहेत. एका ठिकाणाहून सायक्लिक कर्व्ह आणि दुसरीकडून स्ट्रेन-लाइफ स्थिरांक उचलले की एकूण स्ट्रेन जुळतो पण वाटणी जुळत नाही, आणि ते एकूण आयुष्याच्या आकड्यावरून कळतच नाही. आणखी सोपी खूण म्हणजे n' हा b/c च्या जवळ असायला हवा. इथे ०.०९२/०.४४५ = ०.२०७, म्हणजे ठीक.

नेहमी होणाऱ्या चुकांनी आकडा किती हलतो तेही पाहा. न्यूबर वगळून ५००/E = ०.००२५ हाच स्ट्रेन अँप्लिट्यूड धरला तर आयुष्य १,३५,००० सायकल येतं, चौपटीहून जास्त. धोका या बाजूला आहे, कारण आकडा बघून बरं वाटतं. उलट अँप्लिट्यूडऐवजी पूर्ण रेंज ०.००७२ टाकली तर ३,४०० सायकलच उरतात, आणि माणूस विनाकारण महागडं स्टील शोधायला लागतो. 2N ला N समजणं ही त्या मानाने किरकोळ चूक, फक्त दुप्पट. पण एक सापळा आहे. मॅन्सनचं युनिव्हर्सल स्लोप्सचं जुनं समीकरण, जे टेन्साइल स्ट्रेंग्थ आणि डक्टिलिटीवरून अंदाज देतं, ते पूर्ण रेंज आणि N सायकल यांत लिहिलेलं आहे, अँप्लिट्यूड आणि 2N मध्ये नाही. दोन्ही समीकरणं एका एक्सेल शीटमध्ये ठेवलीत तर प्रत्येक कॉलमच्या डोक्यावर हे लिहून ठेवा.

आता ३१,००० हे २२,५०० पेक्षा जास्त आहेत, म्हणून भाग पास करावा का? नाही. अजून लूपचं एक टोक आपण वापरलेलंच नाही.

वरचं टोक ४६५ वर आहे आणि स्ट्रेस रेंज ६८५, म्हणजे खालचं टोक −२२० वर. टिपर रिकामा उभा असताना, लोड शून्य असताना, फिलेटच्या मुळाशी २२० मेगापास्कल दाब अडकलेला असतो. लिनिअर एफईए तिथे शून्य दाखवतं. म्हणून सरासरी स्ट्रेस एफईएप्रमाणे ५०० नाही, तर साधारण १२३ आहे. लिनिअर हिशोबातला सरासरी स्ट्रेस घेऊन गुडमन रेषेवर जाणारे इथे फार निराशावादी होतात, आणि सरासरी स्ट्रेस सोडून देणारे फार आशावादी. प्रयोगशाळेतले स्थिरांक पूर्ण उलट्या लोडचे असतात, सरासरी शून्य. तुमचा तसा नाही, म्हणून दुरुस्ती लागते.

मॉरोची दुरुस्ती σf' मधून सरासरी स्ट्रेस वजा करते: ९४८ च्या जागी ८२५. त्याने आयुष्य २५,००० सायकल येतं. स्मिथ-वॉटसन-टॉपरची दुरुस्ती वेगळ्या मार्गाने जाते:

```
σmax·εa = (σf'^2/E)·(2N)^(2b) + σf'·εf'·(2N)^(b+c)
```

४६५ गुणिले ०.००३६१ म्हणजे १.६८, आणि त्यातून येतात फक्त १४,००० सायकल.

तर एकाच लूपवरून ३१,०००, २५,००० आणि १४,०००. तुमची गरज २२,५०० नेमकी त्यांच्या मधोमध. कोणता धरायचा? मी स्टीलच्या फोर्जिंगला, तणावाच्या बाजूला झुकलेल्या लोडसाठी, स्मिथ-वॉटसन-टॉपर धरतो. मॉरोची दुरुस्ती फक्त इलॅस्टिक पदाला लागते. त्यामुळे प्लॅस्टिक पद मोठं असेल तिथे सरासरी स्ट्रेसचा परिणाम ती फारसा दाखवतच नाही. याला एक बाजू आहे: प्लॅस्टिक स्ट्रेन खरोखर मोठा असेल तर सरासरी स्ट्रेस सायकलगणिक ढिला पडून शून्याकडे सरकतो, आणि मग दुरुस्तीची गरजच कमी होते. तुमच्या ०.००१९ प्लॅस्टिक अँप्लिट्यूडला थोडी ढिलाई होईल, म्हणजे खरं आयुष्य १४,००० च्या वर असण्याची शक्यता आहे. पण त्या शक्यतेचा फायदा चाचणीशिवाय मी डिझाइनला देत नाही. लूप खरंच ढिला पडतो का हे त्याच स्टीलच्या नमुन्यावर, एका बाजूला झुकलेला स्ट्रेन देऊन बघता येतं. एवढी टेस्ट करायची तयारी असेल तरच १४,००० च्या वर जा.

यातलं काही हाताने वारंवार करू नका. हा पूर्ण हिशोब एवढाच आहे:

```python
E, K, n = 202000, 1258, 0.208
sf, b, ef, c = 948, -0.092, 0.260, -0.445

def solve(f, lo, hi):
    for _ in range(100):
        m = (lo + hi) / 2
        if f(m) > 0: hi = m
        else: lo = m
    return m

def local(S):
    eps = lambda s: s/E + (s/K)**(1/n)
    s = solve(lambda s: s*eps(s) - S*S/E, 1, 2000)
    return s, eps(s)

smax, _ = local(1000)   # शून्य ते पूर्ण लोड
sa, ea = local(500)     # लूपचा अँप्लिट्यूड
swt = lambda x: smax*ea - (sf**2/E*x**(2*b) + sf*ef*x**(b+c))
print(smax, sa, ea, solve(swt, 1, 1e8)/2)
```

ही पद्धत कुठे थांबते तेही तुमच्या भागाच्या संदर्भात सांगतो. न्यूबरचा नियम यील्ड झालेला भाग लहान आहे आणि भोवती इलॅस्टिक धातू आहे या गृहीतावर उभा आहे. फिलेटपासून दूर, लिव्हरच्या पूर्ण छेदात लिनिअर स्ट्रेस किती आहे ते पाहा. तो ३८२ च्या जवळ जात असेल तर संपूर्ण छेदच यील्ड व्हायला लागतो आणि न्यूबर खऱ्यापेक्षा कमी स्ट्रेन सांगतो. तेव्हा सायक्लिक कर्व्ह देऊन इलास्टो-प्लॅस्टिक एफईए करण्याला पर्याय नाही. लोड चढवून, उतरवून, पुन्हा चढवून बघा, कारण एकदाच चढवलेल्या रनमधून लूप मिळत नाही. उलट जाड लिव्हरच्या रुंद फिलेटच्या मध्यभागी धातूला बाजूला आकुंचन पावायला वाव नसतो. तिथे न्यूबर थोडा जास्त स्ट्रेन सांगतो, म्हणजे सुरक्षित बाजूला राहतो.

हिशोब बरोबर आहे का हे स्ट्रेन गेजने तपासता येतं, पण काय शोधायचं ते आधी ठरवा. पहिला लोड उतरल्यावर गेज शून्यावर परत येऊ नये. वरच्या हिशोबात वरचं टोक ०.०१०६ आणि रेंज ०.००७२ आहे, म्हणजे लोड उतरल्यावर सुमारे ३,४०० मायक्रोस्ट्रेन शिल्लक राहायला हवेत. हा उरलेला आकडा तंतोतंत जुळणार नाही, कारण पहिला लोड सायक्लिक कर्व्हवर नाही तर कोऱ्या धातूच्या कर्व्हवर जातो, आणि नॉर्मलाइज्ड १०४५ ला ३८२ च्या आसपास स्पष्ट यील्ड पॉइंट असतो. काही सायकलनंतरची रेंज मात्र ७,२०० मायक्रोस्ट्रेनकडे जायला हवी. गेजची ग्रिड फिलेटच्या त्रिज्येच्या मानाने मोठी असेल तर ती आसपासचा कमी स्ट्रेनही सरासरीत घेते आणि आकडा कमी दाखवते. अशा वेळी कमी वाचन आलं म्हणून हिशोबाला दोष देऊ नका; एफईएमधून त्याच ग्रिडखालच्या स्ट्रेनची सरासरी काढून तिच्याशी तुलना करा.

आयुष्य म्हणजे काय हेही ठरवून घ्या. हे स्थिरांक काही मिलिमीटर व्यासाच्या, पॉलिश केलेल्या गुळगुळीत नमुन्यांवरून येतात. त्यांच्यात बिघाड म्हणजे साधारण मिलिमीटरभराची चीर. तुमच्या जाड लिव्हरमध्ये तेवढी चीर पडल्यावरही काही आयुष्य उरतं, पण ते वेगळ्या हिशोबाचं, क्रॅक ग्रोथचं. त्याच वेळी फोर्जिंगच्या कवचाखाली कार्बन जळून गेलेला मऊ थर असतो आणि पृष्ठभाग खडबडीत असतो. नमुन्यांना हे दोन्ही नसतात. फिनिशचा परिणाम मुख्यतः इलॅस्टिक पदावर होतो, म्हणून हजारभर सायकलच्या भागात तो कमी दिसतो. तुमच्या भागात दोन्ही पदं जवळजवळ समान आहेत, तेव्हा तो दुर्लक्ष करण्याइतका छोटा नाही.

आता काय करायचं. एकाच स्टीलच्या एकसारख्या नमुन्यांमध्येही आयुष्य दुप्पट-तिप्पट फरकाने येतं, म्हणून २२,५०० च्या किमान तिप्पट, म्हणजे ६७,५०० सायकल, हे लक्ष्य ठेवा. त्यासाठी स्टील बदलण्याआधी फिलेटची त्रिज्या वाढवा. लिनिअर स्ट्रेस १००० वरून ८०० वर आला तर स्मिथ-वॉटसन-टॉपरने आयुष्य १४,००० वरून ४३,००० होतं. तेवढ्याने भागत नाही. ७०० वर आणलं तर वरचं टोक ४०० वर येतं, स्ट्रेन अँप्लिट्यूड ०.००२१५ होतो आणि आयुष्य ८७,००० सायकल. स्ट्रेसमध्ये ३० टक्के घट आणि आयुष्य सहापट. फोर्जिंग डायमध्ये हा बदल बसतो का ते डाय बनवणाऱ्याला आजच विचारा. बसत नसेल तर फिलेट मशीन करून घ्या. त्याने त्रिज्याही मिळते आणि तो मऊ थरही निघून जातो.

ओव्हरलोडची माहितीही मिळवा. खाणीत आणि वाळूच्या कामात ठरलेल्यापेक्षा जास्त माल भरला जातो हे सगळ्यांना माहीत आहे. ओव्हरलोडच्या खेपा वेगळ्या मोजून प्रत्येकीचा लूप वेगळा काढा, प्रत्येक लूपच्या आयुष्याचा उलटा भागाकार म्हणजे त्या एका खेपेचं नुकसान, आणि सगळ्या नुकसानांची बेरीज एकच्या खूप खाली राहिली पाहिजे. लोड खेपेच्या मध्येच खालीवर होत असेल, जसं बॉडी अर्धी उचलून झटके देत माल सोडवताना होतं, तर आधी रेनफ्लो पद्धतीने सायकल मोजा. ती १९६८ मध्ये जपानच्या मात्सुइशी आणि एंदो यांनी दिली, आणि तिच्यात मोजलेली प्रत्येक सायकल म्हणजे फिलेटमधला एक बंद हिस्टेरेसिस लूप असतो. प्रत्येक लूपचं वरचं टोक तो ज्या मोठ्या लूपच्या आत लटकला आहे त्यावरून ठरतं, म्हणून हिशोब लोडच्या क्रमानेच चालवावा लागतो. लोडचे नुसते आकडे मोठ्यापासून लहान असे लावून क्रम मोडलात तर सरासरी स्ट्रेस चुकतो, आणि तुमच्या बाबतीत सगळा फरक त्याचाच आहे.